इंदिरानगरच्या रो-हाऊसवरील रिव्हर्स मॉर्गेज: आईवडिलांचे दरमहा उत्पन्न आणि तीन वारसांपुढे आलेला हिशेब

नाशिकमधील ज्या कुटुंबाचे हे प्रकरण आहे, त्यांच्या कर्जखात्याचे उतारे, मृत्युपत्र आणि विक्रीची कागदपत्रे मी सल्लागार या नात्याने पाहिली आहेत. ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत आणि आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून पूर्णांकात घेतले आहेत. कर्जाचा व्याजदर प्रत्यक्षात बदलता होता. हिशेबाचा धागा तुटू नये म्हणून तो सर्व काळासाठी सरासरी ११ टक्के धरला आहे.

साताऱ्याहून नाशिकला येऊन सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कारखान्यात तीस-बत्तीस वर्षे नोकरी केलेले हे गृहस्थ २०१० मध्ये ७० वर्षांचे होते आणि त्यांच्या पत्नी ६४ वर्षांच्या. इंदिरानगरमधील रो-हाऊस त्यांनी १९९६ मध्ये स्वतःच्या कमाईतून घेतले होते आणि त्यावरील गृहकर्ज केव्हाच फिटले होते. भविष्य निर्वाह निधीतून मिळालेली रक्कम मुलीचे शिक्षण आणि लग्न यांत संपली होती. हाती राहिले होते ते कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे महिन्याला दीड हजारांच्या आसपास येणारे पेन्शन आणि तीस लाखांचे घर. थोरला मुलगा पुण्यात, मुलगी ऑस्ट्रेलियात आणि धाकटा मुलगा पत्नी-मुलासह आईवडिलांजवळ त्याच घरात राहत होता. पाथर्डी फाट्याजवळच्या त्याच्या दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजमधून त्याचे स्वतःचे घर जेमतेम चालत असे. मुलांकडे दरमहा हात पसरायचा नाही, हा वडिलांचा ठाम निश्चय होता आणि तो समजून घेतल्याशिवाय रिव्हर्स मॉर्गेजचा, म्हणजे राहते घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याचा, त्यांचा २०१० चा निर्णय समजत नाही.

केंद्र सरकारने २००७-०८ च्या अर्थसंकल्पात रिव्हर्स मॉर्गेजची घोषणा केली, राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्येच त्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २००८ मध्ये प्राप्तिकराच्या दृष्टीने ही योजना अधिसूचित झाली. साठ वर्षांवरील व्यक्तीला स्वतः मिळवलेल्या आणि स्वतः राहत असलेल्या घरावर हे कर्ज मिळते. पती-पत्नी मिळून अर्ज करताना एक जण साठ वर्षांवरील आणि दुसरा किमान पंचावन्न वर्षांचा असावा लागतो, मात्र काही बँका आपल्या नियमांत ही अट अधिक कडक ठेवतात. वडिलोपार्जित घर यात चालत नाही, तसेच इमारतीचे उरलेले आयुष्य किमान वीस वर्षांचे असल्याचा दाखला लागतो. नेहमीच्या गृहकर्जात कर्जदार बँकेला हप्ता देतो, येथे बँक कर्जदाराला हप्ता देते आणि कराराच्या अटी पाळल्या जात असतील तर त्याच्या हयातीत परतफेड मागत नाही. ही रक्कम उत्पन्न नसून कर्ज असल्यामुळे तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही.

महिन्याचा हप्ता कसा ठरला

अनेकांची अशी समजूत असते की घराच्या किमतीचा काही भाग बँक बाजूला काढते आणि तो महिन्यांच्या संख्येने भागून देते. तसे होत नाही. बँकेने या घराची किंमत तीस लाख धरली आणि तिच्या साठ टक्के, म्हणजे अठरा लाख, ही कर्जाची कमाल मर्यादा ठरवली. ही अठरा लाखांची रक्कम कर्जदाराच्या हातात पडणारी नव्हे; मुद्दल आणि त्यावर साचणारे व्याज मिळून मुदतीच्या शेवटी जो आकडा होईल, तो अठरा लाख व्हावा, असा हप्ता मागे मोजून काढला जातो. जोडप्याने दहा वर्षांची मुदत घेतली आणि ११ टक्के दराने हप्ता महिन्याला सुमारे ८,३०० रुपये आला. पंधरा वर्षांची मुदत घेतली असती तर तोच हप्ता ४,००० रुपयांच्याही किंचित खाली गेला असता, कारण व्याज साचायला पाच वर्षे अधिक मिळाली असती. मुदत दीडपट होताना हप्ता निम्म्याहून कमी होतो, हे कागदावर मांडून दाखवल्याखेरीज फार थोड्या ज्येष्ठांच्या लक्षात येते.

दहा वर्षांत या दांपत्याच्या हाती एकूण ९ लाख ९६ हजार रुपये आले आणि खात्यावर अठरा लाख बाकी झाली. म्हणजे व्याज आठ लाखांच्या आसपास लागले. पहिल्या पाच वर्षांच्या शेवटी ही बाकी केवळ ६ लाख ६० हजार होती, त्यात व्याजाचा वाटा एक लाख साठ हजारांच्या घरात होता. कर्जाची वाढ सुरुवातीला इतकी मंद असते की खात्याचा वार्षिक उतारा पाहून कोणालाही काळजी वाटत नाही, आणि ज्या वर्षांत ती काळजी वाटायला हवी, त्या वर्षांत उतारा वाचणारा माणूस वृद्ध झालेला असतो किंवा हयात नसतो.

माझ्या मते २०१० चा निर्णय चुकीचा नव्हता. पेन्शनच्या साडेपाच पट रक्कम दरमहा घरबसल्या मिळू लागली, औषधे आणि वीजबिल यांचा प्रश्न सुटला, शिवाय दोघांनाही शेवटपर्यंत आपल्या घरात राहण्याचा हक्क मिळाला. कागदपत्रांवर सह्या होऊन व्यवहार पूर्ण झाल्यावर तीन कामकाजी दिवसांत करार रद्द करण्याची मुभा असते. त्या दिवसांत त्यांनी पुन्हा विचार केला आणि तो कायम ठेवला. एक अत्यंत योग्य गोष्ट त्यांनी केली. घर एकट्या वडिलांच्या नावावर असूनही पत्नीला सहकर्जदार करण्यात आले, त्यामुळे २०१७ मध्ये वडील गेल्यानंतर बँकेने वसुली सुरू केली नाही, हप्ते पूर्ववत येत राहिले आणि आई त्याच घरात राहिली. पत्नीचे नाव कर्जात नसते तर पतीच्या मृत्यूबरोबर कर्ज देय झाले असते आणि एकाहत्तर वर्षांच्या विधवेपुढे राहत्या घराचा प्रश्न उभा राहिला असता.

वडिलांनी बँकेच्या सांगण्यावरून नोंदणीकृत मृत्युपत्रही केले होते आणि घर पत्नीला दिले होते. मुलांना मात्र कर्जाचा आकडा सांगितला नव्हता. धाकट्याने मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली तेव्हा त्याला एवढेच सांगण्यात आले की घरावर बँकेची एक योजना घेतली आहे.

हप्ते थांबल्यानंतरची चार वर्षे

जून २०२० मध्ये शेवटचा हप्ता जमा झाला. आई त्या वेळी ७४ वर्षांच्या होत्या. मुदत संपली तरी कर्जदाराला घर सोडावे लागत नाही आणि परतफेडही करावी लागत नाही, ही तरतूद दिलासा देणारी खरीच, परंतु तिच्या पोटात एक गोष्ट दडलेली असते: हप्ते थांबतात, व्याज थांबत नाही. अठरा लाखांवर दरमहा १६,५०० रुपये व्याज चढू लागले, आणि ते मुद्दलात मिळून पुढच्या महिन्याचे व्याज त्याहून मोठे होऊ लागले. दहा वर्षांत आठ लाख व्याज झाले होते. पुढील केवळ चार वर्षांत त्यात जवळजवळ दहा लाखांची भर पडली. या चार वर्षांत आईच्या हातात मात्र बँकेकडून एक रुपयाही आला नाही. गुडघ्यांचे दुखणे, रक्तदाबाची औषधे आणि मदतीला ठेवलेल्या बाईचा पगार यांचा खर्च नेमका याच काळात वाढला आणि तो धाकट्या मुलाने, काही प्रमाणात थोरल्याने, उचलला.

येथे दोन वाटा होत्या, ज्यांची कुटुंबाला माहितीच नव्हती. मार्गदर्शक तत्त्वांनुसार घराचे पुनर्मूल्यांकन किमान पाच वर्षांतून एकदा व्हायला हवे. २०१५ मध्ये या घराची किंमत पंचेचाळीस लाखांपर्यंत गेली होती, त्यामुळे वाढीव मर्यादेच्या आधारे हप्ता वाढवण्याची किंवा मुदत लांबवण्याची लेखी विनंती करता आली असती. ती मान्य करणे बँकेवर बंधनकारक नसते, आणि मान्य झाली असती तर वारसांचा वाटा तेवढा घटला असता, पण आईची शेवटची वर्षे बरी गेली असती. दुसरी वाट मुलांच्या हाती होती. या कर्जाची मुदतपूर्व परतफेड दंडाशिवाय करता येते. तिघा भावंडांनी २०२० पासून दरमहा प्रत्येकी साडेपाच हजार रुपये भरले असते तर चढणारे व्याज जागच्या जागी फिटले असते आणि बाकी अठरा लाखांवर स्थिर राहिली असती. चार वर्षांत तिघांचे मिळून आठ लाखांहून थोडे कमी गेले असते आणि शेवटच्या देण्यात दहा लाखांची घट झाली असती. त्याच वेळी हे कोणी तरी त्यांच्यासमोर मांडायला हवे होते, असे मला राहून राहून वाटते.

मुदत संपल्यावरही हप्ता चालू राहावा यासाठी २००९ मध्ये विमा कंपनीमार्फत तहहयात वार्षिकी देणारा प्रकार आणण्यात आला होता. या दांपत्याच्या बँकेत तो उपलब्ध नव्हता.

दरम्यान २०२२ मध्ये आणखी एक प्रसंग आला. आई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर थोरल्या मुलाने त्यांना पुण्याला नेले. तेथे त्या अकरा महिने राहिल्या. कर्जदार सलग एक वर्ष तारण घरात राहिला नाही तर कर्ज तत्काळ देय होऊ शकते, ही अट करारात होती. धाकटा मुलगा सहकुटुंब त्याच घरात राहत होता, म्हणून घर बंद नव्हते. पण अट कर्जदाराच्या राहण्याची असते, नातेवाइकांच्या नव्हे. बँक दरवर्षी हयातीचा दाखला मागत असे आणि त्या वर्षीचा दाखला पुण्याच्या पत्त्यावरून गेल्यामुळे बँकेने विचारणा केली. डॉक्टरांचे पत्र आणि आई परतणार असल्याचा अर्ज दिल्यावर प्रकरण मिटले आणि त्या खरोखरच परतल्या. घरपट्टी थकवणे, घराचा विमा न उतरवणे, बँकेच्या संमतीविना वरची खोली भाड्याने देणे किंवा घरात नवा सहमालक घेणे, यांपैकी कोणत्याही गोष्टीने हाच धोका ओढवतो. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या परिसरात विद्यार्थ्यांना खोल्या देऊन घर चालवणारे अनेक ज्येष्ठ आहेत. त्यांनी हे कर्ज घेण्यापूर्वी बुडणारे भाडे हप्त्यातून वजा करून पाहावे, मग उरणारी रक्कम बऱ्याचदा फार मोठी नसते.

वारसांपुढे आलेले देणे

जून २०२४ मध्ये आईचे निधन झाले. खात्यावर त्या दिवशी २७ लाख ८९ हजार रुपये बाकी होती. पंधरा दिवसांनी बँकेचे पत्र आले आणि थोरल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला तो असा की हे पैसे माझ्या पगारातून कापले जातील का. तसे होत नाही. घराच्या विक्रीतून जे निव्वळ मूल्य येते, त्यापलीकडे बँक वारसांकडे काहीही मागू शकत नाही, आणि घर कर्जाहून महाग विकले गेले तर वरची रक्कम वारसांची असते. हे संरक्षण तेवढ्याच कर्जापुरते असते. वारसाने कोठे जामीनदार म्हणून सही केली असेल तर त्याची जबाबदारी वेगळी. येथे कोणाची तशी सही नव्हती आणि घराची किंमत पंच्याहत्तर लाखांच्या पुढे गेली होती, म्हणून देणे अंगावर येण्याची भीती मुळातच नव्हती.

खरी अडचण वेळेची होती. घर न विकता कर्ज फेडण्याचा पहिला हक्क वारसांना असतो आणि विक्रीसाठी साधारण दोन महिन्यांपर्यंत अवधी द्यावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दुसरीकडे, वडिलांच्या मृत्युपत्राने घर आईकडे आले असले तरी आईने स्वतः मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यामुळे हिंदू वारसा कायद्यानुसार तिन्ही मुले समान वारस झाली. शिवाय २०१७ नंतर मिळकतीच्या दप्तरी आईचे नाव कोणी लावलेच नव्हते. खरेदीदाराच्या वकिलाने दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागितला, जो महाराष्ट्रात आजही १८२७ च्या रेग्युलेशनखाली मिळतो आणि ज्यासाठी जाहीर नोटीस देऊन हरकतींची मुदत संपण्याची वाट पाहावी लागते. ऑस्ट्रेलियातील मुलीचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला आणि येथे मुद्रांकित व्हायला आणखी काळ गेला. मूळ खरेदीखत बँकेत असल्यामुळे प्रत्येक वेळी नकलेसाठी अर्ज करावा लागला. या सर्व काळात व्याजाचे चक्र फिरतच होते: पहिल्याच महिन्याला साडेपंचवीस हजार रुपये, पुढे त्याहून अधिक.

धाकट्या मुलाचे दुःख वेगळे होते. आईवडिलांजवळ तोच राहिला, दवाखान्याच्या फेऱ्या त्यानेच केल्या, आणि घर आपल्याकडे राहील असे तो गृहीत धरून चालला होता. घर स्वतःकडे ठेवायचे तर त्याला बँकेचे तीस लाख आणि भावाबहिणीच्या हिश्श्याचे साधारण तेवढेच, असे मिळून साठ लाख उभे करावे लागणार होते. गॅरेजच्या विवरणपत्रात दिसणाऱ्या उत्पन्नावर त्याच्या निम्मेही गृहकर्ज मिळेना. भावंडांत कटुता आली, दोन महिने बोलणे बंद झाले, आणि त्या दोन महिन्यांचे व्याजच पन्नास हजारांवर गेले. शेवटी थोरल्याने बँकेकडे लेखी मुदतवाढ मागितली. न्यायालयातील अर्जाची प्रत आणि खरेदीदाराशी झालेल्या विसार पावतीची प्रत जोडलेली असल्यामुळे बँकेने ती दिली. मुदतवाढ तोंडी मागितली असती आणि बँकेने घर स्वतः विक्रीला काढले असते, तर लिलावात आलेला भाव बाजारभावाहून खाली राहण्याची शक्यता मोठी होती.

मार्च २०२५ मध्ये घर ७६ लाखांना विकले गेले. तोपर्यंत बाकी ३० लाख ३० हजार झाली होती, म्हणजे निधनानंतरच्या नऊ महिन्यांची किंमत दोन लाख चाळीस हजार पडली. खरेदीदाराच्या बँकेने ही रक्कम थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या नावे दिली आणि उरलेली तिन्ही वारसांच्या खात्यांत विभागून भरली. दलाली व इतर खर्च जाता प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा लाखांच्या आसपास आले. थोरल्याने आपल्या हिश्श्यातून चार लाख धाकट्याला दिले. त्यासाठी कोणताही कागद झाला नाही, आणि तो व्हावा अशी कोणाची इच्छाही नव्हती.

कराच्या बाबतीत एक मुद्दा वारसांनी मुद्दाम विचारून घ्यावा. विक्रीच्या ७६ लाखांवर भांडवली नफा मोजताना बँकेला गेलेले तीस लाख वजा होतात का, हा तो मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये असे स्पष्ट केले आहे की मिळकत आधीच्या मालकाने गहाण ठेवलेली असेल आणि वारसाने ते गहाण सोडवले असेल, तर त्यासाठी दिलेली रक्कम वारसाच्या संपादन खर्चात धरली जाते; गहाण वारसाने स्वतः ठेवले असेल तर मात्र धरली जात नाही. येथे गहाण आईवडिलांचे असल्यामुळे तिघांच्या सनदी लेखापालाने त्याच आधारावर विवरणपत्रे तयार केली आणि रिव्हर्स मॉर्गेजच्या बाबतीत विभाग प्रश्न विचारू शकतो, याची लेखी कल्पनाही दिली. मुलगी अनिवासी असल्यामुळे तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराला निवासी भावांपेक्षा अधिक दराने कर कापावा लागला आणि तो परत मिळवण्यासाठी तिला येथे विवरणपत्र भरावे लागले. या दोन्ही कामांसाठी बँकेचे तीन कागद मूळ स्वरूपात जपून ठेवणे आवश्यक ठरले: २०१० चा गहाण करार, निधनाच्या तारखेपर्यंतचा आणि फेडीच्या तारखेपर्यंतचा खात्याचा संपूर्ण उतारा, आणि कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र. मूळ खरेदीखत थेट खरेदीदाराच्या हाती जाते, म्हणून ते देण्याआधी त्याची साक्षांकित प्रत प्रत्येक वारसाने घेतली.